कॉफीच्या पिशवीवर 'स्ट्रॉबेरी, डार्क चॉकलेट' लिहिलंय, म्हणजे आत एसेन्स घातलाय का?

वैशाली_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. ऑनलाइन मागवलेल्या एका कॉफीच्या पिशवीवरून आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा काढतेय.

पाव किलोची पिशवी आहे, अख्ख्या बियांची. पुढच्या बाजूला "१०० टक्के अरेबिका, चिकमगळूर, नॅचरल, मीडियम-लाइट रोस्ट" असं लिहिलंय आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत "स्ट्रॉबेरी, डार्क चॉकलेट, मनुका". मागे घटकपदार्थांची यादीच नाही. वजन, किंमत, भाजल्याची तारीख, परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका, एवढंच.

बाबा जन्मभर फिल्टर कॉफी पिणारे. त्यांनी पिशवी फोडून वास घेतला आणि म्हणाले, "यात एसेन्स मारलाय, मी नाही पिणार." नवऱ्याचं म्हणणं, घातला असता तर लिहावं लागलं असतं. त्यावर आई म्हणते, यादीच छापली नाही म्हणजेच लपवलंय.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ही नावं म्हणजे बाहेरून घातलेला फ्लेवर का? नसेल तर हे वास येतात कुठून? आणि घरच्या घरी काही खात्री करून घेता येते का? तुलनेला घरात सुपरमार्केटातली "हेझलनट कॉफी" पण आहे, तीही बियांचीच.

---

मधुकर_इस्लामपूर

ताई, सरळ आहे. एसेन्स घातलेला असतो. कॉफीला कॉफीचाच वास येणार, स्ट्रॉबेरीचा कसा येईल? हेझलनट, व्हॅनिला, आयरिश क्रीम या नावांनी दुकानात जे मिळतं ते सगळं भाजलेल्या बियांवर फ्लेवर मारूनच बनतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. थोडंच प्रमाण असलं तर कंपन्यांना लिहावं पण लागत नाही.

---

पश्चिमघाट

मधुकरराव, तसं नाही. मी कोडगूत बऱ्याचदा राहिलोय. तिथे कॉफीच्या मळ्यात मिरीचे वेल, संत्री, फणस, सगळं एकत्र असतं. एकाच मातीत मुळं असतात, त्यामुळे शेजारच्या झाडाचा गुण कॉफीत उतरतो. संत्र्याशेजारची कॉफी संत्र्यासारखी लागते. तेव्हा एसेन्स नाही, पण फळबागेचा परिणाम आहे. या मळ्यात कुठेतरी बेरीची झाडं असणार.

---

कोयनाकाठचा

मी साताऱ्यात लहान मशीनवर कॉफी भाजतो. त्याआधी काही वर्षं चिकमगळूरला एका इस्टेटीवर वाळवणीच्या अंगणात काम केलंय. तेव्हा सविस्तर लिहितो.

वैशालीताई, पुढे छापलेली नावं आणि मागे छापायची घटकयादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची नावं म्हणजे भाजणाऱ्याने कॉफी चाखून "मला यात अमुक आठवलं" असं सांगितलेलं असतं. घटकयादी हा कायद्याचा भाग आहे. आपल्याकडे एफएसएसएआयच्या लेबलच्या नियमांत एकाच घटकाच्या पदार्थाला यादी छापण्याची सक्ती नाही. पिशवीत फक्त भाजलेली कॉफी असेल तर मागे यादी नसणं नियमाला धरूनच आहे. त्यात लपवालपवी नाही.

मधुकरराव, तुमचा पहिला भाग बरोबर आहे. हेझलनट नावाने विकली जाणारी कॉफी तशीच बनते. पण "थोडं असेल तर लिहावं लागत नाही" हे बरोबर नाही. बाहेरून फ्लेवर घातला की तो पदार्थ एकघटकी राहत नाही. मग यादी आली आणि यादीखाली फ्लेवर घातल्याचं व तो कुठल्या प्रकारचा आहे याचं वाक्यही आलं.

वैशालीताई, त्या हेझलनटच्या पाकिटाची मागची बाजू वाचून इथे लिहाल का?

पश्चिमघाट, मिरी-संत्र्याचा गुण मुळांतून बीत येत नाही. सावलीचा परिणाम मात्र खरा आहे. सावलीत फळ सावकाश पिकतं आणि बी चांगली भरते. तुमच्या म्हणण्यातला एक धागा दुसरीकडे खरा ठरतो. कच्ची, न भाजलेली बी आजूबाजूचा वास फार पटकन ओढून घेते. गोदामात मिरीच्या पोत्यांना लागून कॉफीची पोती रचली तर महिन्याभरात कॉफीला मिरीचा वास लागतो. पण त्याला कोणी चव म्हणत नाही, तो माल दोषी म्हणून खाली उतरतो.

---

वैशाली_विश्रामबाग

हेझलनटच्या पाकिटामागे असं आहे: "घटक: भाजलेली कॉफी, निसर्गसदृश आणि कृत्रिम फ्लेवरिंग पदार्थ (हेझलनट)." खाली चौकटीत "यात मिसळलेला फ्लेवर आहे". मी ते आजवर वाचलंच नव्हतं. स्ट्रॉबेरीवाल्या पिशवीवर असलं काहीच नाही.

बाबांना दाखवलं. ते म्हणतात, "कागदावर काय लिहिलंय ते सोड, वास कुठून आला ते सांग."

---

सुनंदा_वाई

वैशाली, बाबांचा प्रश्न रास्त आहे. मी वाईजवळ जॅम-क्रशच्या युनिटमध्ये बॅच बघते. स्ट्रॉबेरीचा एसेन्स रोज हाताखालून जातो, म्हणून त्या बाजूने सांगते.

आम्ही एसेन्स कधीच उकळत्या कढईत घालत नाही. आच बंद करून, माल थोडा उतरल्यावर घालतो, कारण उष्णतेने तो उडून जातो. कॉफी दोनशे अंशांच्या आसपास भाजतात असं ऐकलंय. म्हणजे एसेन्स घालायचाच तर भाजून झाल्यावर घालावा लागणार. बरोबर ना कोयनाकाठचा?

आणि एसेन्सचा स्वभाव असा की नाकाला तो एकदम पूर्ण स्ट्रॉबेरी वाटतो, पण जिभेवर काही नसतं. साखर आणि सायट्रिक नसेल तर नुसत्या एसेन्सच्या पाण्याला कडवट, औषधी चव असते. त्यामुळे बाबांना नाक चिमटीत धरून एक घोट घ्यायला सांग. फळासारखा आंबट-गोडपणा जिभेला जाणवला तर तो एसेन्सचा नाही.

---

कोयनाकाठचा

सुनंदाताई, अगदी बरोबर. फ्लेवरच्या कॉफीत भाजलेली बी गार होताना किंवा झाल्यावर मोठ्या ड्रममध्ये फिरवतात आणि वरून द्रव फ्लेवर फवारतात. प्रमाण वजनाच्या साधारण दोन-तीन टक्के. तो फ्लेवर प्रॉपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवात विरघळवलेला असतो. बीने तो शोषून घ्यावा म्हणून बराच वेळ फिरवत ठेवतात.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. पिशवीवर "नॅचरल" लिहिलंय ना, उत्तराचा मोठा भाग तिथे आहे.

कॉफीची बी हे एका लालबुंद फळाचं बी आहे. वर साल, आत गोड चिकट गर, मग टरफल आणि आत दोन बिया. धुतलेल्या कॉफीत तोडणीच्या दिवशीच साल काढतात, गर टाकीत सोडवून धुतात आणि टरफलासकट बी वाळवतात. इस्टेटीवर तिला पार्चमेंट म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत अख्खं फळच वाळवतात, तिला आमच्याकडे चेरी म्हणतात. तुमच्या पिशवीवरचं नॅचरल ते हेच.

अख्खं फळ वाळायला हवेनुसार दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात गरातल्या साखरेवर यीस्ट आणि जिवाणू काम करतात. त्यातून एस्टर नावाची संयुगं तयार होतात, आणि पिकल्या फळांचे वास बऱ्याच अंशी याच संयुगांचे असतात. त्यातली काही बीत मुरतात आणि हलकं भाजलं तर टिकतात. बेरीची आठवण करून देणारा वास मुख्यतः तिथला.

हे काम नाजूक आहे. आम्ही फळं आधी पाण्यात सोडायचो. तरंगणारी बाजूला, बुडणारी घ्यायची, त्यातली हिरवी आणि करपलेली हाताने वेचायची. मग जाळीच्या उंच मांडवावर पातळ थर आणि दिवसभर हात फिरवत राहायचं. थर जाड झाला किंवा ढगाळ हवेत हलवायचा राहिला की आतून बुरसतो, नाहीतर व्हिनेगरसारखा वास सुटतो. तसल्या मालाला तुम्ही काहीही नाव द्या, कपात तो सडकाच लागतो. फळ हातात खुळखुळायला लागलं की मीटरने ओल बघायची. अकरा टक्क्यांच्या आसपास आली की पोत्यात.

चॉकलेटची गोष्ट वेगळी. ते शेतात कमी आणि भट्टीत जास्त तयार होतं. कोकोची बीही आंबवून, वाळवून, भाजूनच चॉकलेट होते. दोन्ही बियांत साखर आणि अमिनो आम्लं असतात, भाजताना त्यांची एकमेकांशी अभिक्रिया होते आणि बरीचशी त्याच घराण्यातली वासाची संयुगं दोन्हीकडे बनतात. म्हणून चॉकलेट हे नाव तुम्हाला पिशव्यांवर सगळ्यात जास्त दिसतं. आणि ते दुधातही टिकतं. बेरी दुधात मरते.

सुनंदाताईंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्ट्रॉबेरीच्या वासात फ्युरॅनिऑल नावाचं एक महत्त्वाचं संयुग आहे. तुमच्या महाबळेश्वरच्या फळातही ते असतं. तेच संयुग कॉफी भाजताना, कोणी काही न घालता, बीत तयार होतं. दाट असेल तर जळक्या साखरेसारखा वास येतो, विरळ झालं की स्ट्रॉबेरीकडे झुकतो. सगळा बेरीचा वास त्याचाच असं मी म्हणत नाही, पण "कॉफीत स्ट्रॉबेरीचा वास कसा येईल" याचं एक उत्तर हे आहे.

---

तासगावकर_बेदाणे

ह्ये वाचून लगेच कळलं बगा. आमचा बेदाण्याचा शेड हाय. ताजं द्राक्ष खाल्लं तर त्याला बेदाण्याचा वास नसतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकायचं, सावलीत पंधरा दिवस ठेवायचं, की त्यात नवीन वास आणि नवीन गोडी येती. बाहेरचा फ्लेवर कोण घालतंय? आणि ज्या सालात अवकाळी पाऊस पडून शेडमध्ये ओल राहिली, त्या सालचा माल तोंडात घालवत नाही. बागायतदाराला ह्यात नवल वाटायचं कारण नाही.

फकस्त एक विचारतो. मनुका असं लिहिलंय ते त्या फळ वाळवण्यामुळंच ना?

---

कोयनाकाठचा

हो दादा, मनुका, खजूर, अंजीर ही नावं बहुतेक वेळा चेरी पद्धतीच्या कॉफीवरच दिसतात.

---

अनिरुद्ध_का

मला एवढं पटत नाही. मी पुण्यात अशा महागड्या कॉफ्या पुष्कळ प्यायलोय. "जास्वंद, लिची, ब्राउन शुगर" वगैरे लिहिलेलं असतं आणि कपात कॉफीच लागते. ही नावं कोण तपासतं? उद्या कोणी "आंबा" लिहिलं तर त्याला कोण विचारणार आहे? एसेन्स नसेल मान्य, पण गिऱ्हाईकाला भुलवणं आहेच.

---

कोयनाकाठचा

अनिरुद्ध, ही नावं कोणी सरकारी माणूस तपासत नाही, हे खरं आहे. तुमची तक्रार मला मान्य आहे आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनी ती ऐकायला हवी. पण यामागे शिस्त अजिबात नाही असंही नाही. कॉफी चाखणाऱ्यांसाठी चवींचं एक चक्र १९९५ मध्ये निघालं आणि २०१६ मध्ये ते नव्याने केलं गेलं. त्याच्या जोडीला एक शब्दसंग्रह आहे, त्यात प्रत्येक चवीसमोर वास घेऊन ताडून बघायचा एक नमुना ठरवलेला आहे. "बेरी" म्हणायचं तर कशासारखी, हे चार जणांनी एकाच नमुन्यावरून बोलावं यासाठी ते आहे.

अडचण अशी की चाखणारा हे सगळं ज्या कपात करतो तो कप तुमच्या घरी बनत नाही. तो हलकी भाजलेली ताजी कॉफी, ठरलेलं पाणी, बिनदुधाची, बिनसाखरेची पितो. तुम्ही तीच कॉफी दाट डिकॉक्शन काढून दूध-साखर घालून प्यायलात तर चॉकलेटपुरतं काही हाती लागेल. जास्वंद-लिची शोधू नका.

आणि मी स्वतः माझ्या पिशवीवर तीनपेक्षा जास्त नावं लिहीत नाही. "लाल फळं, कोको" एवढं लिहिलं तर गिऱ्हाईक कपात ते शोधू शकतं. अमक्या जातीच्या लिचीचं नाव लिहिणं मला तरी बरं वाटत नाही.

---

शोभा_काकू

मी काय म्हणते, आमच्याकडे ५३ टक्के कॉफी आणि ४७ टक्के चिकोरी असलेली पावडर येते. तिला पण थोडा चॉकलेटसारखा, जळक्या गुळासारखा वास असतो. मग चिकोरी हाच तो फ्लेवर का? आणि ती पोटाला चालते का?

---

कोयनाकाठचा

काकू, चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे. तिचा स्वतःचा जळक्या साखरेचा वास आणि कडवट गोडी असते, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. पण ती फ्लेवर म्हणून घातलेली नसते, मिश्रणाचा भाग असते आणि दोघांची टक्केवारी पाकिटावर छापावीच लागते. तुमच्याकडे ती छापलेली आहेच. वैशालीताईंच्या पिशवीत चिकोरी नाही. पोटाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

---

मनीषा_मिरज

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. माझ्या मुलाला काजू, बदाम, अक्रोड अशा सगळ्या नट्सची ॲलर्जी आहे, आणि ती सौम्य नाही. तो आता कॉलेजात आहे, मित्रांबरोबर कॉफी पितो. पिशवीवर "हेझलनट, बदाम" अशी नावं असली तर मी ती घरात येऊ देत नाही. हे बरोबर करते का?

---

कोयनाकाठचा

मनीषाताई, चाखलेल्या चवीचं नाव म्हणून हेझलनट लिहिलं असेल आणि पिशवीत फक्त कॉफी असेल तर त्यात नट नाही. तो वासही भाजण्यातून येतो. फ्लेवर घातलेल्या हेझलनट कॉफीतही बऱ्याचदा कारखान्यात बनवलेलं संयुग असतं, पण दर वेळी तसंच असेल असं धरून चालू नका. नट्स हे ॲलर्जीच्या यादीतले घटक आहेत, ते असतील तर लेबलवर वेगळे लिहावे लागतात. तेव्हा घटक आणि ॲलर्जीची सूचना, दोन्ही वाचा.

यापुढे एक गोष्ट लेबल वाचूनही कळत नाही. त्याच जागेत, त्याच ग्राइंडरवर दुसरं काय जातं? कॅफेत हेझलनट सिरपचा चमचा, बदामाच्या दुधाचा जग हे सगळं एकाच ओट्यावर असतं. घरी बियांची पिशवी आणून स्वतःच्या ग्राइंडरवर दळलेली कॉफी त्याला जास्त सुरक्षित. आणि भाजणाऱ्याला फोन करून विचारा, आम्ही उत्तर देतो.

---

मनीषा_मिरज

कॅफेतल्या ओट्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याच्याशी आजच बोलते. धन्यवाद.

---

वैशाली_विश्रामबाग

आता माझा तिसरा प्रश्न राहिलाय. घरी तपासायचं कसं? बाबा तयार आहेत, पण डोळ्यांसमोर करून दाखवा म्हणतात.

---

कोयनाकाठचा

दोन्ही पिशव्या समोर ठेवून करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्ट्रॉबेरीवाली दळा, हेझलनट शेवटी. फ्लेवरची कॉफी ग्राइंडरला चिकटते आणि मग पुढची प्रत्येक कॉफी हेझलनटच लागते. मला तर ग्राइंडरमध्ये दिवसेंदिवस टिकणारा वास हीच मोठी खूण वाटते.

दळण्याआधी बिया बघा. तुमची मीडियम-लाइट आहे, तेव्हा ती कोरडी, मातकट दिसायला हवी. बोटाला चिकट लागली आणि नवीन असूनही चकाकत असली तर शंका घ्या. पण काळी भाजलेली बी स्वतःच्याच तेलाने चकाकते, आणि जुनी झालेली बीही तेल सोडते. त्यामुळे चकाकी दिसली की फ्लेवर, असा निकाल देऊ नका.

मग दोन सारखे काचेचे ग्लास घ्या. प्रत्येकात १२ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, त्यावर उकळी थांबल्यानंतरचं २०० मिली पाणी. ढवळायचं नाही. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडा आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. फेस काढून टाका. दहा मिनिटांनी चमच्याने चाखा, मग कोमट झाल्यावर पुन्हा, आणि जवळजवळ गार झाल्यावर पुन्हा.

फ्लेवर घातलेल्या कॉफीत कोरडा वास, ओला वास आणि पहिला घोट एकाच नावाचा असतो. गार होत जाते तशी मागची साधी कॉफी उघडी पडते. न घातलेल्या चांगल्या कॉफीत उलट होतं: गरम असताना फक्त कॉफी वाटते आणि कोमट झाल्यावर फळाचा आंबट-गोडपणा पुढे येतो. सुनंदाताईंनी सांगितलेली नाकाची चिमट इथेही करा.

पाणी कुठलं वापरता?

---

वैशाली_विश्रामबाग

बोअरचं. गिझरला पांढरे थर चढतात असं पाणी आहे. प्यायला कृष्णेचं नळाचं येतं ते फिल्टर करून.

---

कोयनाकाठचा

मग कॉफीला प्यायचं पाणीच घ्या. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीतली आम्लं मारून टाकतात, आणि बेरीसारखी चव त्या आम्लांवरच उभी असते. तेवढी गेली की कॉफी सपाट, खडूसारखी लागते. अनिरुद्ध, तुमच्या काही कपांचं हेही कारण असू शकेल.

---

वैशाली_विश्रामबाग

रविवारी सकाळी केलं. बाबा, आई, नवरा आणि मी. ग्लासांना खाली चिठ्ठ्या लावल्या आणि नवऱ्याने जागा बदलल्या, म्हणजे कोणाला आधी कळू नये. पण हेझलनटचा ग्लास तर पाणी ओतल्याबरोबर सगळ्यांनी ओळखला, स्वयंपाकघरभर वास सुटला.

स्ट्रॉबेरीवाल्या बिया कोरड्या होत्या, चिकट काही नाही. गरम असताना बाबा म्हणाले, "नुसती आंबट आहे." कोमट झाल्यावर त्यांनी तीन-चार चमचे घेतले आणि काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "करवंदासारखं काहीतरी आहे." आईला मनुका पटला. मला चॉकलेट नक्की लागलं, घोट गिळल्यानंतर मागे राहतं ते. स्ट्रॉबेरी आमच्यापैकी एकालाही लागली नाही. नाक धरूनसुद्धा तो आंबट-गोडपणा जिभेवर होता. हेझलनटवाली नाक धरल्यावर नुसती कडू लागली, आणि गार झाल्यावर तिला औषधी वास यायला लागला.

बाबांनी एसेन्सचा आरोप मागे घेतलाय. पण स्ट्रॉबेरी लिहिणं चूक आहे हे त्यांचं मत कायम आहे.

एक गोष्ट मात्र झाली. ग्राइंडर पुसून, तांदूळ दळून काढूनसुद्धा आजची फिल्टर कॉफी हेझलनटच लागतेय.

---

पश्चिमघाट

करवंद! हे मस्त. पुण्या-बंगळूरच्या भाजणाऱ्यांनी ब्लूबेरी लिहिण्यापेक्षा करवंद, जांभूळ, चिंच लिहावं. आपल्याला ब्लूबेरी कुठे माहिती असते?

---

कोयनाकाठचा

मी करवंद लिहायला लागलोय. सातारकरांना लगेच कळतं. बाहेरगावी पाठवताना मात्र लोक फोन करून विचारतात.

वैशालीताई, ग्राइंडर उघडता येत असेल तर पाती सोडवून कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका. मग जुनी टाकाऊ कॉफी थोडी थोडी दळत राहा. जाईल, पण वेळ घेईल.

---

कराडकर_सचिन

धागा वाचून माझी एक पिशवी पुढे करतो. वैशालीताईंच्या पिशवीपेक्षा तिप्पट महाग. लेबलवर "विशेष फर्मेंटेशन" आणि नोट्समध्ये "स्ट्रॉबेरी योगर्ट, बबलगम". बिया कोरड्या, मागे घटकयादी नाही. पण पिशवी उघडली की खोलीभर स्ट्रॉबेरीच्या टॉफीचा वास. गार झाल्यावरही तोच वास, नाक धरल्यावर गोडीपण लागते. म्हणजे इथल्या अर्ध्या खुणा इकडच्या आणि अर्ध्या तिकडच्या. हे काय आहे?

---

कोयनाकाठचा

सचिन, तुम्ही अवघड ठिकाणी हात घातलात. गेल्या काही वर्षांत कच्ची कॉफी टाकीत आंबवताना त्यात फळाचा गर, मसाले, कधी कधी थेट फ्लेवर घालायची पद्धत आली आहे. फळ घातलं तर त्याला को-फर्मेंट म्हणतात. वर लिहिलं तसं कच्ची बी वास ओढून घेते, तो आत मुरतो आणि मग भाजतात. त्यामुळे वर चिकटपणा नसतो आणि आमच्या घरगुती खुणा फसतात. नुसतं खास यीस्ट वापरून, काहीही बाहेरचं न घालताही बराच जोरदार फळाचा वास आणता येतो. तुमची पिशवी यातली कुठली हे चाखून खात्रीने सांगणं मला जमणार नाही. प्रयोगशाळेत संयुगं वेगळी करून बघितली तर अंदाज लागू शकतो.

विक्रेत्याला सरळ विचारा: टाकीत कॉफीच्या फळाव्यतिरिक्त काय घातलं होतं? यीस्ट, फळ, की फ्लेवर?

---

सुनंदा_वाई

इथे माझं मत ठाम आहे. टाकीत स्ट्रॉबेरीचा गर घातला असेल तर तो घटक आहे आणि लेबलवर यायलाच हवा. आमच्या युनिटमध्ये बॅचमध्ये जे जे पडतं ते नोंदवल्याशिवाय माल बाहेर जात नाही. कॉफीला वेगळा न्याय का?

---

कोयनाकाठचा

ताई, लिहावं या बाजूचा मीही आहे. पण इस्टेटवाल्यांचं म्हणणं असं की गर नंतर धुऊन जातो, बी वाळवली आणि भाजली जाते, शेवटच्या मालात फळ उरत नाही. यीस्टचं नाव कोणी लिहीत नाही, मग गराचं का, असं ते विचारतात. पिणाऱ्याला जो वास विकला जातो तो त्या गराचाच आहे, म्हणून मला ते पटत नाही. धंद्यात यावर एकमत नाही.

---

कराडकर_सचिन

विक्रेत्याचं उत्तर आलं: "आमच्या प्रक्रियेत नैसर्गिक घटकांचा वापर केला जातो, कोणताही कृत्रिम फ्लेवर नाही." बस्स, एवढंच.

---

सुनंदा_वाई

म्हणजे काहीतरी घातलंय. कुठला घटक ते विचारा.

---

मनीषा_मिरज

सचिन, मलाही ते उत्तर कळवाल का? उद्या कोणी टाकीत बदाम किंवा काजूबोंड घातलं आणि मागे यादी नसली, तर माझ्यासारखीला कळणार कसं?

---

कोयनाकाठचा

मनीषाताई, याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. "विशेष फर्मेंटेशन", "इन्फ्युज्ड" किंवा "को-फर्मेंट" असं काही लिहिलं असेल तर टाकीत काय घातलं हे लेखी मिळेपर्यंत ती कॉफी मुलाला देऊ नका. साधी धुतलेली किंवा नॅचरल, एका इस्टेटीचं नाव असलेली घ्या.

---

कराडकर_सचिन

पुन्हा मेल केलाय, यावेळी ॲलर्जीचं कारण लिहून. उत्तर आलं की इथेच टाकतो.